गाण्याखाली दबलेलं वळण

कोथरूडकडून पौड रस्त्याने चांदणी चौकात पोहोचलं की काही क्षणांत निर्णय घ्यावा लागतो. एक फाटा मुळशीकडे, एक बावधनकडे, आणि महामार्गावर मुंबई नि साताऱ्याचे वेगवेगळे रॅम्प. मागच्या पावसाळ्यात तिथे माझा मुंबईचा रॅम्प चुकला. नकाशा बरोबर होता, सूचनाही वेळेवर आली होती. पण गाण्याच्या आवाजात मला तिचे शेवटचे दोन शब्दच ऐकू आले. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर पुढे जाते. चार सेकंदांचं वाक्य संपेपर्यंत जवळपास ७० मीटर रस्ता मागे पडलेला असतो.

मग मी सूचनांचा आवाज वाढवायला गेलो. नॉब फिरवला आणि गाणंच मोठं झालं. हा अनुभव अनेकांना येतो, आणि त्याचं कारण समजलं की उपायही सापडतो.

फोन अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेने जोडलेला असेल, तर बहुतेक गाड्यांत गाणं, सूचना आणि फोनकॉल यांचे आवाज वेगवेगळे लक्षात ठेवले जातात. नॉब मात्र एकच असतो. त्या क्षणी जे वाजत असेल, त्याचाच आवाज तो बदलतो. म्हणून सूचनेचा आवाज वाढवायचा असेल, तर ती चालू असतानाच नॉब फिरवायला हवा. वाक्य संपल्यावर फिरवला तर गाणं वाढतं, आणि पुढची सूचना आणखी दबते. गाडी उभी असताना नेव्हिगेशन सुरू करा. पहिली सूचना लगेच येते, तेवढ्यात नॉब दोन-तीन खुणा वर न्या. वेळ पुरला नाही तर नेव्हिगेशन बंद करून पुन्हा सुरू करा. काही गाड्यांच्या साउंड सेटिंगमध्ये सूचनांच्या आवाजाची वेगळी पट्टीही असते. ती असेल तर हा खटाटोप लागत नाही.

नुसत्या ब्लूटूथवर मात्र ही युक्ती चालत नाही, आणि माझी गाडी तशीच होती. तिथे गाणं आणि सूचना फोनमध्येच एकत्र होतात आणि गाडीकडे एकच मिश्रण पोहोचतं. नॉबने दोन्ही एकदम वाढतात किंवा कमी होतात. सूचना येताच फोन गाण्याचा आवाज खाली आणतो. अँड्रॉइडच्या मूळ रचनेत तो साधारण एक-पंचमांशावर येतो. हे पुरेसं वाटतं, पण सूचनेचा स्वतःचा आवाजच बारीक असेल आणि ढोल-ताशांनी भरलेलं गाणं लागलं असेल, तर एक-पंचमांशही तिच्यावर मात करतो.

तेव्हा तोल फोनमध्येच साधायचा. गूगल मॅप्सच्या Settings मध्ये नेव्हिगेशनच्या विभागात Guidance volume असतो. तिथे Softer, Normal आणि Louder असे पर्याय मिळतात. Louder निवडा. मग फोनचा मीडिया आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि गाण्याची पातळी गाडीच्या नॉबने ठरवा. फोनचा आवाज निम्म्यावर ठेवून नॉब खूप वर नेला, तर रेडिओ लावताच तो दचकवण्याइतका मोठा वाजतो. त्याच विभागात Play test sound असेल, तर आवडतं गाणं लावून ते दाबून पाहा. काच बंद आणि पंखा चालू ठेवून ऐका, कारण रस्त्यावर तसंच ऐकायचं असतं.

गाडीत एफएम लागला असेल, तर ब्लूटूथवरून आलेली सूचना अनेकदा ऐकूच येत नाही. गाडी त्या वेळी रेडिओ ऐकवत असते, ब्लूटूथकडे तिचं लक्षच नसतं. अशा वेळी Play voice over Bluetooth बंद केलं की सूचना फोनच्याच स्पीकरमधून येते. फोन डॅशबोर्डवर असेल तर ती स्पष्ट ऐकू येते. काही फोनमध्ये सूचना ब्लूटूथ कॉलसारखी पाठवण्याची सोय असते. त्याने रेडिओ थांबतो, पण गाडी ‘कॉल’ उचलेपर्यंत वाक्याची सुरुवात कापली जाऊ शकते. ‘…मीटरनंतर डावीकडे’ एवढंच ऐकू येत असेल, तर दोष आवाजाच्या पातळीचा नसून या उशिराचा आहे. आवाज वाढवून तो जाणार नाही.

कीर्तन, पॉडकास्ट किंवा बोलतं पुस्तक ऐकताना वेगळी अडचण येते. दोन माणसं एकदम बोलू लागली की एकाचा आवाज खाली आणूनही दोघांचे शब्द एकमेकांत मिसळतात. इथे खालचा आवाज थांबायलाच हवा. आयफोनवर ॲपल मॅप्स वापरत असाल, तर Maps च्या सेटिंगमध्ये Directions Pause Spoken Audio सुरू करा. अँड्रॉइडवर हे ऐकण्याच्या ॲपवर अवलंबून असतं. काही ॲप आपणहून थांबतात, काही फक्त मंद होतात.

हे सगळं घरासमोर, गाडी उभी असताना करा. रस्त्यात बदल करावा लागलाच, तर फोन शेजारी बसलेल्याच्या हाती द्या.