सकाळच्या शिंका आणि अंथरुणातले माइट्स : गादी, उशी, चादर किती दिवसांनी धुवावी?

मुंब्र्यातील आमच्या ओळखीच्या एका घरातला दहा वर्षांचा मुलगा रोज फजरच्या वेळी उठला की लागोपाठ शिंकायचा. नाक खाजायचं, पाण्यासारखं वाहायचं, पण ताप कधीच नाही. दोन तासांत सगळं थांबायचं. सुट्टीत नानीच्या घरी गेला की त्रास कमी, घरी परतला की पुन्हा सुरू. घरच्यांना वाटलं, थंडी बाधते. डॉक्टरांनी मात्र आधी उशीबद्दल विचारलं. उशी आठ वर्षं जुनी होती. अभ्रा बदलला जायचा, उशी कधीच नाही.

अंथरुणातल्या धुळीत माइट नावाचे, डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. ते ढेकणासारखे चावत नाहीत. आपल्या अंगावरून गळणाऱ्या कातडीच्या कणांवर ते जगतात आणि हवेतला दमटपणा शोषतात. म्हणूनच मुंबई, ठाणे आणि कोकणात, त्यातही पावसाळ्यात आणि त्यानंतर, ते जास्त वाढतात. त्रास होतो तो त्यांच्या विष्ठेमुळे आणि मेलेल्या शरीराच्या कणांमुळे. माइट मेला तरी हे कण कापडात राहतात. त्यामुळे मारणं आणि धुऊन काढणं, दोन्ही करावं लागतं.

चादर आणि अभ्रा : दर आठवड्याला

थंड पाण्यात धुतलं तर कण बरेचसे निघून जातात, पण बहुतेक माइट्स जिवंत राहतात. त्यांना मारायला साधारण 60 अंश गरम पाणी लागतं. मशीनमध्ये हीटर असेल तर 60 चा प्रोग्राम लावा. नसेल तर स्टीलच्या मोठ्या पातेल्यात दोन भाग उकळतं पाणी आणि एक भाग नळाचं पाणी घ्या. हे साधारण 75 अंशांवर येतं आणि कापड टाकल्यावर थोडं उतरतं. कापड काठीने दाबून बुडवा, झाकण ठेवून अर्धा तास राहू द्या आणि मग नेहमीसारखं धुवा. मुलांना लांब ठेवा. हे सुती कापडासाठी आहे. रेशीम, लोकर किंवा रंग जाणारी चादर यात टाकू नका. अंगावर घ्यायची गोधडीही धुता येते. ती दोन-तीन आठवड्यांनी धुतली तरी चालते.

उशी आणि गादी

फायबरच्या उशीवर धुवायची सूचना असेल तर ती तीन महिन्यांनी धुवा आणि आतपर्यंत पूर्ण वाळवा. कापसाची उशी किंवा गादी धुऊ नका. कापसाचे गोळे होतात, आत ओल राहते आणि बुरशी धरते. फोमच्या गादीचंही तसंच, शिवाय ती कडक उन्हात खराब होते.

कापसाची गादी उन्हात घालायची आपली जुनी सवय चांगली आहे. ऊन ओल काढतं आणि वरचे माइट्स मारतं, पण कण आतच राहतात. म्हणून दोन्ही बाजूंनी ऊन द्या आणि नंतर घराबाहेर झोडपा. शिंका येणाऱ्या माणसाने हे काम करू नये. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतला तर बरीच धूळ निघते, मात्र खोळ नवी घाला.

काय विकत घ्यावं, काय नको

सर्वात उपयोगी वस्तू म्हणजे घट्ट विणीचं, सगळीकडून बंद होणारं चेनचं कव्हर, आधी उशीसाठी आणि मग गादीसाठी. वरून टाकायचं, खालून उघडं कव्हर उपयोगाचं नाही. पण फक्त कव्हरवर थांबू नका. 2003 साली दम्याच्या मोठ्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात नुसत्या कव्हरने फरक पडला नव्हता. कव्हर, गरम धुणं आणि कोरडी खोली यांची जोड हवी.

जंतुनाशक द्रव किंवा सुगंधी स्प्रेने हे कण जात नाहीत. वासाने उलट दमा उसळू शकतो. डांबरगोळ्या अंथरुणात ठेवू नका. जी6पीडीची कमतरता असलेल्या बाळांना त्या धोकादायक ठरतात.

मुंब्र्याच्या त्या घरी नवी उशी आणि तिचं कव्हर आलं, चादर दर शुक्रवारी गरम पाण्यात जाऊ लागली. दीड-दोन महिन्यांत शिंका बऱ्याच कमी झाल्या. मग ईदला पाहुणे आले आणि पलंगाच्या पेटीतल्या, वर्षभर न उघडलेल्या रजया बाहेर निघाल्या. त्याच रात्री मुलगा पुन्हा शिंकू लागला. आता ते पाहुण्यांची अंथरुणं आठवडाभर आधीच काढून धुतात, उन्हात घालतात.

छातीत घरघर होत असेल किंवा रात्री दम लागत असेल, तर धुण्यावर विसंबू नका. डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी दिलेला पंप आपल्या मनाने बंद करू नका.