चुकांवर वाढणारी झाडे

ग्रेडियंट बूस्टिंग ही जुन्या नोंदींवरून नवा अंदाज बांधण्याची रीत आहे. स्टॅनफर्डचे संख्याशास्त्रज्ञ जेरोम फ्रीडमन यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात तिची मांडणी केली. या रीतीत एका मोठ्या झाडावर भिस्त नसते. शेकडो लहान झाडे एकामागून एक तयार होतात आणि त्यांच्या उत्तरांची बेरीज हाच अंदाज ठरतो. झाड म्हणजे हो-नाही प्रश्नांची उतरंड. प्रत्येक प्रश्न नोंदींचे दोन गट करतो आणि शेवटच्या गटाची सरासरी हे त्या झाडाचे उत्तर असते.

समजा, चार घरांच्या किमती ठाऊक आहेत. स्टेशनपासून दूर असलेले वन बीएचके ४० लाखांचे, जवळचे ६० लाखांचे. दूरचे टू बीएचके ७० लाखांचे आणि जवळचे ९० लाखांचे. सुरुवातीला झाड नसतेच. चारही घरांसाठी सरासरी किंमत, ६५ लाख, हाच अंदाज धरायचा. मग प्रत्येक खऱ्या किमतीतून ६५ वजा केले की उरते −२५, −५, +५ आणि +२५. पहिल्या झाडापुढे किमती ठेवल्याच जात नाहीत, ही उरलेली चूक ठेवली जाते. साऱ्या पद्धतीचे मर्म या अदलाबदलीत आहे.

या झाडाला एकच प्रश्न विचारण्याची मुभा आहे असे धरू. चुकांच्या वर्गांची बेरीज आत्ता १३०० आहे. ‘स्टेशन जवळ आहे का?’ असे विचारले तर ती ९०० वर येते, ‘टू बीएचके आहे का?’ असे विचारले तर ४०० वर. म्हणून झाड दुसरा प्रश्न निवडते आणि वन बीएचकेला −१५, टू बीएचकेला +१५ असे उत्तर देते. अंदाज आता ५०, ५०, ८० आणि ८० झाले. चुका उरल्या −१०, +१०, −१० आणि +१०. दुसरे झाड या नव्या चुकांकडे पाहते. घराच्या आकाराने जे सांगायचे ते सांगून झाले आहे, आता फरक फक्त स्टेशनचा आहे. तो प्रश्न विचारताच चूक शून्यावर येते.

प्रत्यक्षात इतकी घाई केली जात नाही. झाडाच्या उत्तराचा लहानसा अंश, उदाहरणार्थ दहावा हिस्सा, अंदाजात मिळवतात. याला शिकण्याचा वेग म्हणतात. तसे केल्यास वरच्या उदाहरणात पहिली चार झाडे आकाराचाच प्रश्न विचारतात आणि त्या फरकातली चूक १५ वरून सुमारे ९.८ पर्यंत घटते. ती स्टेशनच्या १० पेक्षा कमी झाली, म्हणून पाचवे झाड स्टेशनकडे वळते. झाडे जास्त लागतात, पण कोणत्याही एका झाडाच्या चुकीच्या निवडीचे ओझे सगळ्या अंदाजावर पडत नाही.

नावातला ग्रेडियंट म्हणजे उतार: अंदाज किंचित हलवला तर चुकीचा दंड किती वेगाने बदलतो, ते माप. दंड चुकीच्या वर्गाइतका धरला, तर दंड उतरण्याची दिशा आणि उरलेली चूक एकच निघतात. म्हणूनच वरचे गणित साध्या वजाबाकीने भागले. दंड वेगळा धरता येतो, हे फ्रीडमन यांच्या मांडणीचे खरे बळ. समजा, ९० ऐवजी चुकून ९०० टंकले गेले. सरासरी ६५ वरून थेट २६७.५ वर जाते आणि पुढची झाडे त्या एकाच घरामागे धावतात. दंड चुकीच्या वर्गाऐवजी नुसत्या अंतराइतका ठेवला, तर सुरुवात सरासरीऐवजी मध्यकापासून होते. तो ६५ च राहतो. झाडाला चूक किती मोठी हे कळत नाही, ती वरच्या बाजूला आहे की खालच्या, एवढेच कळते.

मात्र उरलेल्या चुकीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: अजून न सापडलेला नियम आणि निव्वळ योगायोग. नात्यातल्या व्यवहारात एखादे घर स्वस्तात गेले असेल, तर त्या सवलतीला नियम नाही. तरी झाडे वाढत राहिली तर एखादे झाड तीही ‘शिकते’. रँडम फॉरेस्ट या पद्धतीत झाडे एकमेकांकडे न पाहता वाढतात आणि त्यांची सरासरी घेतली जाते, त्यामुळे झाडे वाढवून सहसा नुकसान होत नाही. इथे होते. ते ओळखण्यासाठी काही घरे शिकवणीतून बाजूला ठेवतात आणि प्रत्येक झाडानंतर दोन्हींकडची चूक मोजतात. शिकवणीतल्या घरांवरची चूक घटतच राहते. बाजूला ठेवलेल्या घरांवरची आधी घटते, मग स्थिरावते आणि पुढे वाढू लागते. ती जिथे सर्वांत कमी होती, तिथवरचीच झाडे ठेवतात, नंतरची काढून टाकतात.