भिंत मोजू नका, झीज मोजा

गावाबाहेरचं महादेवाचं छोटं दगडी देऊळ घेऊ. लांबी ६ मीटर, रुंदी ५, उंची साडेतीन. छतावर पिंपळ उगवलाय, दगडांच्या सांध्यांतला चुना गळलाय. नेहमीचं अंदाजपत्रक कसं होतं? घेर २२ मीटर, उंची साडेतीन, म्हणजे ७७ चौरस मीटर भिंतीचे दरजे भरणे, गुणिले दर. इथेच घोटाळा होतो. कारण त्या ७७ मीटरांत अनेक ठिकाणचा जुना चुना अजून घट्ट असतो. दर भरलाय म्हणून गवंडी तोही खरवडून काढतो.

त्याऐवजी प्रत्येक भिंतीचा सरळ समोरून फोटो काढावा, त्यावर मीटर-मीटरचे चौकोन आखावेत आणि खिळ्याने सांधे तपासत एकेक चौकोन भरावा: भक्कम, भुसभुशीत, रिकामा. समजा, काम फक्त ३० चौकोनांत निघालं. खर्च निम्म्याहून कमी झाला, आणि जुनं कामही वाचलं.

दराचंही तसंच. सरकारी दरसूची मुख्यतः नव्या बांधकामासाठी असते. जुन्या सांध्यांतली माती काढून चुना भरायला किती वेळ लागतो, हे तिच्यातून नीट कळत नाही. म्हणून आधी एक चौकोन नमुन्यादाखल करून घ्यावा. गवंडी आणि मदतनीस मिळून दिवसाला २ चौरस मीटर करत असतील, तर ३० मीटरांना १५ दिवस. मजुरी त्यावरून काढावी. छताच्या कोब्याची जाडी मात्र उकरल्याशिवाय कळत नाही. म्हणून ते कलम 'प्रत्यक्ष मोजमापानुसार' ठेवावं आणि त्यासाठी रक्कम वेगळी राखावी.

आता वेळापत्रक. पिंपळ उपटला तर दगड सुटतात. तो बुंध्याशी कापून खोडात तणनाशक भरावं लागतं आणि मुळं मरायला काही महिने जातात. म्हणून पहिल्या वर्षी एवढंच: नकाशे, पिंपळ, ढासळू पाहणाऱ्या दगडांना टेकू, पायथ्याशी साचणाऱ्या पाण्याला वाट. त्याच काळात कळीचा चुना विरवून खड्ड्यात पाण्याखाली मुरत ठेवावा. पावसाळ्यात गळती कुठून होते, ते पाहून नकाशावर मांडावं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर आधी छत, मग भिंती. छत गळत असताना भिंत भरली, तर आत मुरणारं पाणी क्षार घेऊन बाहेर पडतं आणि दरज्यांवर पांढरा थर येतो. चुना हवेतल्या कार्बन डाय-ऑक्साइडने हळूहळू घट्ट होतो. उन्हाळ्यात तो ओल्या गोणपाटाखाली ठेवला नाही, तर वाळून भुकटी होतो. म्हणून दरज्यांचं काम फेब्रुवारीपर्यंत संपवावं.

छत उकरायला मात्र पुरा निधी हाती आल्याशिवाय हात घालू नये. मार्चमध्ये उघडलेलं आणि पैशाअभावी जूनमध्ये तसंच राहिलेलं छत एका पावसात गर्भगृहापर्यंत पाणी नेतं.

आपल्या गावच्या देवळाचं अंदाजपत्रक हाती आलं आणि त्यात 'सर्व भिंतींचे दरजे भरणे' अशी एकच ओळ दिसली, तर ते झिजेच्या नकाशासाठी परत पाठवा.