फ्रेंच-फ्रेंच कोशातली एक नोंद वाचताना

पुण्या-मुंबईत फ्रेंच शिकणाऱ्या बहुतेकांचा पहिला शब्दकोश फ्रेंच-इंग्रजी असतो. घरची भाषा मराठी, शिकायची फ्रेंच आणि मध्ये इंग्रजी, अशी ही वाट. सुरुवातीला ती उपयोगी पडते, पण काही ठिकाणी नेमकी चुकीकडे नेते. ‘मांके’ हे क्रियापद घ्या. इंग्रजीतल्या ‘मिस’समोर द्विभाषिक कोशात हाच शब्द सापडतो. मग दूर गेलेल्या मैत्रिणीला ‘तुझी फार आठवण येते’ असं कळवण्यासाठी विद्यार्थी इंग्रजी वाक्याच्या क्रमाने लिहून टाकतो, ‘ज त मांक’. व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात काही चूक नाही. फक्त त्याचा अर्थ होतो, ‘तुला माझी उणीव भासते.’ मैत्रिणीला सांगायचं होतं त्याच्या नेमकं उलट.

फ्रेंचचा अर्थ फ्रेंचमध्येच देणारा एकभाषिक कोश ही चूक होऊ देत नाही, पण त्यासाठी नोंद पूर्ण वाचावी लागते. १९०५ साली पहिल्यांदा निघालेला ‘पती लारूस’ आणि १९६७ साली आलेला ‘पती रोबेर’ हे या प्रकारातले सर्वांत परिचित कोश. दोन्ही प्रकाशनांचे कोश इंटरनेटवरही मोफत पाहता येतात. त्यांतली मांडणी थोडी वेगळी असली तरी नोंदीचे घटक तेच असतात: शीर्षशब्द, उच्चार, व्याकरणाची खूण, अर्थ, उदाहरणं आणि इतर शब्दांकडे नेणारे निर्देश. नवखा वाचक थेट अर्थाकडे धावतो. सरावलेला वाचक आधी खुणेपाशी थांबतो.

शोधताना `manquer` असं मूळ रूपच टाकणं बरं, कारण छापील कोशात क्रियापद फक्त त्याच रूपाखाली असतं. पुस्तकात ‘मांक्रा’ हे भविष्यकाळाचं रूप भेटलं, तरी ते कोशात सापडतं ‘मांके’पाशीच. नामाचं एकवचन आणि विशेषणाचं पुल्लिंगी एकवचन यांनाही हाच नियम लागू होतो. नोंदीत कुठे तरी एक आकडाही दिलेला असतो. तो कोशाच्या पुरवणीतल्या रूपावलीच्या तक्त्याचा क्रमांक असतो.

आता खुणांकडे वळू. ‘मांके’ची नोंद लांब आहे आणि तिचे मोठे भाग पाडले आहेत ते तीन खुणांवर. `v. intr.` म्हणजे अकर्मक क्रियापद. `v. tr.` म्हणजे सकर्मक, ज्याचं कर्म मध्ये कोणतंही शब्दयोगी अव्यय न घेता थेट येतं. `v. tr. ind.` ही तिसरी खूण मराठी वाचकाला अनोळखी वाटते. हे क्रियापदही कर्म मागतं, पण त्या कर्माआधी ‘आ’ किंवा ‘द’ असं अव्यय लावूनच. ऑनलाइन कोशांत हेच अनेकदा पूर्ण शब्दांत लिहिलेलं असतं. या भागांचा क्रम कोशागणिक बदलतो, म्हणून पहिला अर्थ वाचून थांबणं हा जुगार ठरतो.

अकर्मक भागात वस्तू ‘कमी पडते’. वेळ कमी पडतो, धान्य संपतं, वर्गात तीन विद्यार्थी गैरहजर असतात. सकर्मक भागात माणसाच्या हातून काही ‘हुकतं’. ‘मांके सों त्रें’ म्हणजे गाडी चुकणं; तास बुडवणं आणि नेम चुकणं हेही इथेच येतं. मैत्रीण मात्र या दोन्ही भागांत सापडत नाही. ती आहे `v. tr. ind.` या खुणेखाली, ‘मांके आ’ या रचनेत. कोश तिथे लिहितो `manquer à qqn`. शेवटची तीन अक्षरं म्हणजे ‘केल्कं’, म्हणजे ‘कुणी तरी’, या शब्दाचा संक्षेप. त्याचा जोडीदार `qqch.` म्हणजे ‘काही तरी’. हे दोन संक्षेप वाक्याचा साचाच हातात ठेवतात: क्रियापदानंतर ‘आ’ येणार आणि त्यापुढे माणूस येणार.

साचा मिळाला, पण कर्ता कोण? इथे उदाहरणवाक्य कामाला येतं. या नोंदीत ‘से पारां ल्वी मांक’ या धर्तीचं वाक्य भेटतं. ते असं सोडवायचं. ‘से पारां’ म्हणजे त्याचे आईवडील, अनेकवचनी. ‘ल्वी’ म्हणजे त्याला, एकवचनी. ‘आ’ आणि माणूस मिळून जे होतं त्याच्या जागी येणारं हे सर्वनाम. आता क्रियापदाचं शेपूट बघायचं. छापील वाक्यात ते `-ent` असं अनेकवचनी दिसतं. बोलताना ही अक्षरं उच्चारली जात नाहीत, त्यामुळे कानाला काहीच कळत नाही, पण कागदावर पुरावा उरतो. क्रियापद अनेकवचनी आहे, म्हणजे कर्ता आईवडील. जो दूर आहे तो कर्ता आणि ज्याला उणीव भासते तो ‘आ’च्या पुढचा. म्हणून मैत्रिणीला लिहायचं वाक्य होतं ‘त्यू म मांक’.

कोशातलं उदाहरण असं पुराव्यासारखं वाचायचं असतं. कोशकार ते अर्थ सजवण्यासाठी देत नाही. व्याख्येत न मावलेली माहिती तो तिथे ठेवतो. कर्ता माणूस आहे की वस्तू, अव्यय कोणतं, नामाआधी उपपद आहे की नाही, हे सगळं उदाहरणात दिसतं. ‘ला सॉस मांक द सेल’ म्हणजे सॉसमध्ये मीठ कमी आहे. इथे ‘द’नंतर लगेच ‘सेल’ हे नाम आलं आहे, मध्ये ‘ल’ हे उपपद नाही. व्याख्या हे सांगत नाही, उदाहरण दाखवतं. वहीत ‘मांके – कमी असणे’ एवढंच टिपणारा पुढच्या वेळी हमखास जास्तीचं उपपद घुसवतो. ‘मांके द’ आणि पुढे उपपदाशिवाय नाम, असं टिपणारा घुसवत नाही.

एक अव्यय बदललं की अर्थही बदलतो. ‘मांके आ सा पारोल’ म्हणजे दिलेला शब्द न पाळणं. इथे ‘आ’ आहे, पण पुढे माणूस नसून वचन आहे आणि कर्ता आहे वचन मोडणारा. क्रियापद तेच, अव्यय तेच, तरी कर्त्याची भूमिका उलटली. म्हणून ‘आ’पुढे माणूस आहे की वस्तू हे पाहिल्याशिवाय अर्थ पक्का धरता येत नाही. शिवाय ‘न पा मांके द’ असा नकार आला आणि पुढे दुसरं क्रियापद आलं, तर अर्थ होतो ‘अमुक करायला न विसरणं, नक्की करणं’. पत्राच्या शेवटी ‘तुम्हाला नक्की कळवेन’ असं नम्रपणे सांगताना हीच रचना वापरतात.

व्याख्या वाचण्याचीही एक रीत आहे. फ्रेंच कोशातली व्याख्या बहुधा शब्दाच्या जातीचीच असते. क्रियापदाची व्याख्या मूळ रूपातल्या क्रियापदाने सुरू होते, विशेषणाची अनेकदा ‘की’ म्हणजे ‘जो’ या शब्दाने, क्रियावाचक नामाची ‘आक्सियों द’ म्हणजे ‘अमुक करण्याची क्रिया’ अशा शब्दांनी. त्यामुळे वाचत असलेल्या वाक्यात शब्द काढून व्याख्या बसवून बघता येते. वाक्य चाललं तर अर्थ बहुधा बरोबर निवडलेला असतो. अडखळलं तर वाचक चुकीच्या भागात शिरलेला असतो. व्याख्येतलाच एखादा शब्द अडला तर तोही पाहावा, पण तिसऱ्या शब्दापर्यंत पोचायची वेळ आली की परत फिरून उदाहरण वाचणं जास्त फायद्याचं ठरतं. कोशात एक शब्द दुसऱ्याकडे आणि दुसरा पुन्हा पहिल्याकडे पाठवतो, असं बऱ्याचदा होतं.

अर्थाआधी बारीक अक्षरांत आणखी काही खुणा असतात. त्या शब्द कुठे शोभतो ते सांगतात. गाडी चुकण्यासाठी ‘मांके’च्या नोंदीतून वाचक ‘रात्ये’ या समानार्थी शब्दाकडे जातो, तिथून ‘लूपे’कडे. ‘लूपे’वर `fam.` अशी खूण असते, म्हणजे घरगुती, मित्रांमधलं बोलणं. मित्राला फोनवर गाडी ‘लूपे’ झाल्याचं सांगता येईल, कचेरीला पाठवायच्या अर्जात नाही. `littér.` ही खूण याच्या उलट टोकाची, लिखित आणि साहित्यिक वापराची. `vx` आणि `vieilli` या दोन खुणा सारख्याच वाटतात, पण त्यांत फरक आहे. पहिली लागलेला शब्द आजच्या बोलण्यातून गेला आहे. दुसरी लागलेला शब्द अजून समजतो, पण सहज कुणी वापरत नाही. `anciennt` शब्दाबद्दल नव्हे तर वस्तूबद्दल बोलते: वस्तू जुन्या काळातली, पण तिला आजही याच नावाने ओळखतात. जुनी कादंबरी वाचताना या खुणा मदत करतात आणि स्वतः लिहिताना सावध करतात.

नामांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची खूण लहानशीच असते. `n. m.` म्हणजे पुल्लिंगी नाम, `n. f.` म्हणजे स्त्रीलिंगी. `livre` हा शब्द कोशात दोनदा येतो. `n. m.` असेल तर पुस्तक आणि `n. f.` असेल तर वजनाचं जुनं माप किंवा पौंड हे चलन. फ्रान्सच्या बाजारात आजही लोणी ‘यून लीव्र’ मागितलं की अर्धा किलो मिळतं. मजकुरात ‘यून’ दिसूनही जो पहिल्या नोंदीवर थांबला, त्याला लोण्याचं पुस्तक वाचावं लागेल.

उदाहरणं कुठून आली आहेत हेही पाहायला हवं. ‘रोबेर’च्या संकेतस्थळावर कोशकारांनी लिहिलेल्या नोंदीखाली वेगळ्या भागात इतर ठिकाणांहून आपोआप गोळा केलेली वाक्यंही दिसतात. ती ताजी असतात, पण कोशकाराने पारखलेली नसतात. १६ खंडांचा ‘त्रेझोर द ला लांग फ्रांसेझ’ इंटरनेटवर मोफत आहे आणि अतिशय समृद्ध आहे, पण तो १७८९ ते १९६० या काळातल्या भाषेचा कोश आहे आणि त्यातली असंख्य अवतरणं साहित्यातली आहेत. शब्दाचा इतिहास त्यात शोधावा, आज सकाळी लिहायच्या ई-मेलचं वाक्य नव्हे.

एका नोंदीवर अशी दहा मिनिटं घालवली की पुढची नोंद लवकर उलगडते. ‘प्लॅर’ हे क्रियापद काढलं आणि तिथे `v. tr. ind.` आणि `plaire à qqn` दिसलं, तर विद्यार्थी आता कर्ता शोधायला आपोआप उदाहरणाकडे जातो. तिथे आवडलेली गोष्ट कर्ता असते आणि ज्याला आवडली तो माणूस ‘आ’पुढे. ‘त्याला हे गाणं आवडतं’ या मराठी वाक्यातही गाणंच कर्ता आहे आणि माणसाला ‘ला’ लागला आहे. या जागी इंग्रजीच्या वाटेने जायची गरजच उरत नाही.