जाड भिंगाच्या कडेला हरवणारी माणसं

कृत्रिम भिंग डोळ्यातच बसवण्याची पद्धत येण्याआधी मोतीबिंदू काढला की जळगाव-धुळ्याकडच्या म्हाताऱ्यांना सुमारे +१० ते +१२ नंबरचा चष्मा लागे. त्यातून माणूस पाव पटीने मोठा दिसे, आणि बाजूने येणारी सायकल एकदम समोर उगवे.

कारण कडेला आहे. +१२ च्या भिंगात मध्यापासून २ सेंटिमीटरवर किरण इतका वळतो की मीटरभर अंतरावर २४ सेंटिमीटरचा फरक पडतो. त्यामुळे भिंगातलं आणि भिंगाबाहेरचं दृश्य जुळत नाही. दोन्हींच्या मधला पट्टा गायब होतो.

अशा जाड भिंगाला पर्याय असलेल्या लेंटिक्युलर भिंगात नंबर फक्त मधल्या वाटोळ्या भागात असतो. वजन घटतं, पण आंधळा पट्टा उरतो, उलट नजरेच्या मध्याकडे सरकतो. अ‍ॅस्फेरिक भिंगाचा बाक कडेकडे सपाट होत जातो, म्हणून तिथे नंबर उतरतो, पट्टा अरुंद होतो. मला हेच जास्त पटतं. मात्र मध्यबिंदू बाहुलीसमोर नेमका हवा.