खाते बंद झाले, कागदांचे काय?

चेकबुक परत केले, शिल्लक घेतली, म्हणजे बँकेशी हिशेब संपला, असे आपण व्यापारी समजतो. परंतु आधार, पॅन आणि फोटो यांच्या प्रती बँकेच्या दप्तरात व संगणकात राहतातच. ‘सर्व पुसून टाका’ असे सरसकट लिहिले, तर ‘कायद्याने ठेवावे लागते’ असे उत्तर येते आणि ते खोटे नसते. म्हणून प्रत्येक प्रतीबद्दल वेगळे विचारावे.

२००२ च्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ नुसार ग्राहकाच्या ओळखीची कागदपत्रे ५ वर्षे जपावी लागतात. ही मुदत खाते बंद झाल्यापासून किंवा बँकेशी संबंध संपल्यापासून, यांत जे नंतर घडेल तेव्हापासून मोजतात.

समजा, रत्नागिरीतील एका कापड दुकानदाराने चालू खाते ३१ मार्च २०२२ रोजी बंद केले. ५ वर्षे ३१ मार्च २०२७ ला भरतील. पण त्याच बँकेत त्याचे बचत खाते चालू असेल, तर संबंध संपलेला नाही आणि मोजणी सुरूच झालेली नाही. पत्र लिहिण्याआधी हे पाहावे.

याच दुकानदाराने पूर्वी कर्जासाठी अर्ज करताना जामीन म्हणून भावाच्या आधारची प्रत दिली होती. कर्ज मंजूर झाले नाही, भावाचे त्या बँकेत खातेही नाही. ती प्रत कोणत्या नियमाने ठेवली, हे विचारण्याला जागा आहे. हे पत्र भावाच्या सहीने जावे, कारण माहिती त्याची आहे. शिवाय आधारद्वारे पडताळणीची गरज नसेल, तर प्रतीवरील क्रमांक झाकलेला असावा, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. म्हणजे मुदत संपण्याआधीही क्रमांक काळा करण्यास सांगता येते.

दुकानदाराच्या पत्राचा मजकूर असा असावा:

“माझे चालू खाते क्र. … दि. ३१ मार्च २०२२ रोजी बंद झाले. माझ्या ओळखीच्या कोणकोणत्या प्रती आपल्याकडे आहेत, प्रत्येक प्रत कोणत्या नियमाने व कोणत्या तारखेपर्यंत ठेवणार, ते लेखी कळवावे. ज्या प्रतीस असे कारण नाही, ती नष्ट करून तसे कळवावे. आधार क्रमांक उघडा असल्यास झाकावा.”

पत्रासोबत आधारची नवी प्रत जोडू नये. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तेव्हा हाच शिक्का उपयोगी पडतो.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती पुसण्याची मागणी करण्याचा हक्क आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम निघाले, तेव्हा या हक्काच्या अंमलासाठी १८ महिन्यांची सवड ठेवली गेली. मात्र दुसऱ्या कायद्याने जे जपणे भाग आहे, ते या हक्कानेही पुसता येत नाही.