घड्याळाची मॅरेथॉन चार तासांच्या आत

गार्मिनच्या धावण्याच्या घड्याळांत ‘रेस प्रेडिक्टर’ नावाचा एक पडदा असतो. त्यावर ५ किलोमीटर, १० किलोमीटर, हाफ आणि फुल मॅरेथॉन अशा चार अंतरांसाठी चार वेळा दिसतात. हौशी धावपटू त्या रोज पाहतात आणि त्यांतल्या पहिल्या दोन बऱ्याच जणांना पटतातही. फुल मॅरेथॉनच्या वेळेवर मात्र विश्वास बसत नाही आणि तो न बसणंच योग्य असतं. एकाच घड्याळाचा, एकाच शरीरावरून काढलेला अंदाज जवळच्या अंतराला बरोबर आणि लांबच्या अंतराला भलताच का निघतो, हे समजण्यासाठी घड्याळ हिशेब कसा करतं ते पाहावं लागतं.

हिशेबाची सुरुवात होते व्हीओटू मॅक्सपासून. शरीर पूर्ण ताकदीनिशी पळत असताना दर किलो वजनामागे दर मिनिटाला जास्तीत जास्त किती मिलीलिटर ऑक्सिजन वापरू शकतं, तो हा आकडा. प्रयोगशाळेत तो मोजायचा तर तोंडाला मास्क लावून ट्रेडमिलवर दमेपर्यंत पळवतात. घड्याळाकडे मास्क नसतो. त्याच्याकडे दोनच गोष्टी असतात: उपग्रहावरून मिळालेला वेग आणि मनगटावरून मोजलेले हृदयाचे ठोके. फिनलंडमधल्या युवास्कुला शहरातल्या फर्स्टबीट कंपनीने या दोहोंतून व्हीओटू मॅक्सचा अंदाज काढायची पद्धत विकसित केली आणि २०२० मध्ये गार्मिनने तिचा घड्याळांसाठीच्या विश्लेषणाचा व्यवसायच विकत घेतला.

पद्धतीमागचा विचार सरळ आहे. वेग वाढतो तसे ठोकेही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतात. सिग्नलला थांबलेले, चालत काढलेले किंवा ठोक्यांची नोंद विस्कटलेले तुकडे घड्याळ वगळतं. उरलेल्या तुकड्यांवरून ते ताडतं, की ठोके कमाल पातळीला पोचले असते तर या माणसाचा वेग किती असता, आणि त्या वेगाला किती ऑक्सिजन लागला असता. म्हणजे सगळी भिस्त त्या ‘कमाल पातळी’वर. ती बहुतेकांनी कधी मोजलेली नसते, त्यामुळे घड्याळ २२० वजा वय या जुन्या सूत्रावर चालतं. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत वीस-वीसचाही फरक असू शकतो. एखाद्याची खरी कमाल १७० आहे आणि घड्याळाने १८० धरली, तर तो जोर लावून पळत असतानाही घड्याळाला वाटतं की याच्याकडे अजून बराच दम शिल्लक आहे. मग व्हीओटू मॅक्स दोन-तीन अंकांनी सहज फुगतो. खरी कमाल जास्त असेल तर उलटं होतं आणि घड्याळ माणसाला कमी लेखतं.

एवढी गडबड झाली नाही तरी कंपनी स्वतःच या अंदाजात सुमारे पाच टक्के चूक धरते. ४० हा आकडा ३८ किंवा ४२ असू शकतो. मॅरेथॉनच्या भाषेत हा फरक जवळजवळ १९ मिनिटांचा होतो.

दुसरा टप्पा आहे व्हीओटू मॅक्सवरून वेळ काढण्याचा. जॅक डॅनियल्स आणि जिमी गिल्बर्ट यांनी १९७९ मध्ये ‘ऑक्सिजन पॉवर’ या पुस्तकात त्याचे तक्ते दिले, आणि जगभरचे प्रशिक्षक आजही ते वापरतात. त्यांचं सूत्र दोन प्रश्नांची उत्तरं देतं: अमुक वेगाला किती ऑक्सिजन लागतो, आणि अमुक इतका वेळ माणूस आपल्या कमाल क्षमतेचा किती भाग वापरत राहू शकतो. खरी मेख दुसऱ्या प्रश्नात आहे.

४० क्षमतेचा धावपटू घेऊ. तक्त्यानुसार त्याने ५ किलोमीटर २४ मिनिटं ८ सेकंदांत, १० किलोमीटर साधारण ५० मिनिटांत, हाफ १ तास ५१ मिनिटांत आणि फुल ३ तास ५० मिनिटांत पळायला हवी. शेवटच्या वेळेत एक गृहीतक दडलेलं आहे. हा माणूस जवळजवळ चार तास आपल्या क्षमतेच्या ८१ टक्के पातळीवर पळत राहील, असं सूत्र मानतं. आठवड्याला शंभर-सव्वाशे किलोमीटर पळणाऱ्याला ते जमू शकतं. नोकरी सांभाळून आठवड्याला तीस-चाळीस किलोमीटर पळणाऱ्याला शक्यतो जमत नाही. तोच धावपटू ७० टक्क्यांवर टिकला, तर त्याच सूत्राने त्याची वेळ ४ तास १८ मिनिटं येते. क्षमता तीच आणि पायही तेच, तरी २८ मिनिटं गेली. पाच किलोमीटरच्या अंदाजाला मात्र यातून धक्का लागत नाही, कारण चोवीस मिनिटं दम टिकवायला महिनोन् महिन्यांच्या लांब धावा लागत नाहीत.

हे फक्त कागदावरचं गणित नाही. एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराची वेळ काढायचं पीट रीगल यांचं १९७७ चं सूत्र प्रसिद्ध आहे. अंतर दुप्पट झालं की वेळ २.०८ पट होते, असं ते सांगतं. न्यूयॉर्कमधले संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू व्हिकर्स आणि त्यांच्या सहकारी एमिली व्हर्टोसिक यांनी २०१६ मध्ये दोन हजारांहून अधिक हौशी धावपटूंच्या वेळांशी ते ताडून पाहिलं. हाफपर्यंत सूत्र छान जुळलं. फुल मॅरेथॉनला मात्र निम्म्या धावपटूंच्या बाबतीत ते किमान दहा मिनिटांनी आशावादी निघालं.

हाफ आणि फुल यांच्या मध्ये शरीरात असं काही घडतं, जे घड्याळाच्या रोजच्या पाऊण-एक तासाच्या नोंदींत दिसतच नाही. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर तिशीच्या आसपास संपत येते. मांड्यांच्या स्नायूंना सततच्या आदळण्याने इजा होते आणि प्रत्येक पाऊल अधिक महाग पडतं. घाम जातो तसे त्याच वेगाला ठोके चढत जातात. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत पहाटे सुरू होते, तरी हवेतला दमटपणा आणि उत्तरार्धातलं ऊन चुकत नाही. पेडर रोडचा चढ तर बरीच वर्षं मार्गाच्या शेवटच्या टप्प्यात, पाय जड झालेले असतानाच येत आला आहे.

गार्मिननेही हे लपवलेलं नाही. जुन्या माहितीपुस्तिकांत स्पष्ट लिहिलेलं असे, की त्या शर्यतीसाठी योग्य सराव झालेला आहे असं धरून ही वेळ दिली आहे. नवी घड्याळं मागच्या काही आठवड्यांचा सरावही हिशेबात घेतात, त्यामुळे अंदाज पूर्वीइतका भाबडा राहिलेला नाही. काही मॉडेलांत शर्यतीचा मार्ग आणि हवामानही धरता येतं. पण सत्तावीस किलोमीटरनंतर पाय काय करतात, हे ज्याने कधी तेवढं अंतर पळूनच पाहिलेलं नाही त्याच्या बाबतीत घड्याळालाही कळत नाही.

चूक नक्की कोणत्या टप्प्यात आहे ते घरच्या घरी ओळखता येतं. एखादी दहा किलोमीटरची शर्यत जीव तोडून पळावी आणि ती वेळ घड्याळाच्या अंदाजाशी ताडावी. तिथेच दोन-तीन मिनिटांचा फरक निघाला तर व्हीओटू मॅक्सच चुकला आहे; अशा वेळी चढावर किंवा शर्यतीच्या शेवटच्या झोकात छातीच्या पट्ट्याने मोजलेले सर्वाधिक ठोके घड्याळात भरावेत. दहाची वेळ जुळली आणि फुलची जुळत नाही, तर घड्याळाच्या सेटिंगमध्ये काही बिघडलेलं नाही, लांब धावांची कमतरता आहे. अशा धावपटूने शर्यतीचा वेग ठरवताना घड्याळातली फुलची वेळ बाजूला ठेवावी, अलीकडच्या खऱ्या हाफची वेळ घ्यावी आणि आठवड्याचं अंतर चाळीस किलोमीटरच्या आत असेल तर तिला २.२ ने गुणावं. १ तास ५१ मिनिटांच्या हाफला ते उत्तर ४ तास ४ मिनिटं येतं. पहिले तीस किलोमीटर त्याच वेगाने पळावेत, आणि पायांत काही शिल्लक राहिलं तर ते शेवटच्या बारांत खर्च करावं.